वयाच्या गणितात दोन गुणोत्तरं आली की उत्तर चुकतंय? आधी बघा तुमचं उत्तर कुठल्या पर्यायावर पडतंय

फोंड्याला संध्याकाळी जी मुलं एलडीसीच्या परीक्षेची तयारी करायला माझ्याकडे बसतात त्यातली बरीचशी डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची, आणि त्यांच्याकडून एक तक्रार दर बॅचला येतेच. सर, वयाचं गणित सुटतं, x पण पूर्णांक येतो, मी पडताळून पण बघते, तरी आन्सर की मध्ये दुसरंच काहीतरी असतं. ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण सापडतं. मांडणीत एकच गोष्ट चुकीच्या जागी बसलेली असते, म्हणून गणित शेवटपर्यंत व्यवस्थित चालतं आणि उत्तर मात्र भलतं निघतं.

हे गणित घ्या. यावर मी बराच वेळ काढणार आहे कारण यात जवळजवळ सगळ्या चुका दिसतात:

4 वर्षांपूर्वी आई आणि मुलगी यांच्या वयांचं गुणोत्तर 5:1 होतं. आजपासून 8 वर्षांनी ते 7:3 होईल. तर आईचं आजचं वय किती? पर्याय: 20, 24, 30, 34.

खालचं वाचण्याआधी वहीत सोडवून बघा. चारही पर्यायांपर्यंत पोचायचा एकेक रस्ता आहे, उगाच टाकलेला आकडा यात एकही नाही, त्यामुळे तुम्ही कुठल्या आकड्यावर टिक केलीत त्यावरून तुमची चूक कुठे आहे ते सरळ कळतं.

20 आलं असेल तर तुम्ही 5:1 वाचल्या वाचल्या आई 5x आणि मुलगी x असं लिहून टाकलं आणि ते आजचं वय धरलं. मग 8 वर्षांनी 5x + 8 आणि x + 8, ते 7:3 ला बरोबर ठेवलं:

```
(5x + 8) / (x + 8) = 7 / 3
15x + 24 = 7x + 56
8x = 32
x = 4
```

आई 20, मुलगी 4. आणि पडताळा बघायला गेलात तर 8 वर्षांनी 28 आणि 12, म्हणजे 7:3, एकदम फिट्ट! इथेच मुलं फसतात, कारण अर्धा पडताळा खरंच जुळतो. पण प्रश्नातलं पहिलं वाक्य कुणी तपासतच नाही. आज मुलगी 4 वर्षांची असेल तर 4 वर्षांपूर्वी ती 0 वर्षांची आणि आई 16 ची, मग 5:1 आलं कुठून? "4 वर्षांपूर्वी" हे शब्द समीकरणात कुठेही आलेच नाहीत, आणि प्रश्नातला एखादा आकडा न वापरता गणित सुटलं तर तिथेच थांबून परत वाचायला हवं.

24 आलं असेल तर तुम्ही एक पाऊल पुढे आहात. 5x आणि x ही 4 वर्षांपूर्वीची वयं आहेत हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून शेवटी 20 मध्ये 4 मिळवून 24 केलंत. पण मधल्या समीकरणात परत 8 च मिळवलेत. 5x हे जर 4 वर्षांपूर्वीचं वय असेल तर त्यात 8 मिळवल्यावर आपण आजपासून फक्त 4 वर्षं पुढे पोचतो, आणि 7:3 हे गुणोत्तर तर 8 वर्षांनंतरचं आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, आणि तयारी नीट असलेल्या मुलांकडूनच जास्त होते कारण बाकी सगळं बरोबर केलेलं असतं. पडताळा घ्या: आज 24 आणि 8, तर 8 वर्षांनी 32 आणि 16, म्हणजे 2:1. नाही जुळत.

मी मुलांना म्हापशाहून मडगावला जायचं उदाहरण देतो. वाटेत पणजी लागते, पण तुम्ही बस म्हापशाला धरलीत तर तिकीट म्हापसा ते मडगाव असं पूर्ण काढावं लागतं, फक्त पणजी ते मडगावचं काढून चालत नाही. इथे 4 वर्षांपूर्वी म्हणजे म्हापसा, आज म्हणजे पणजी आणि 8 वर्षांनी म्हणजे मडगाव, आणि x आपण म्हापशाला लावलाय, म्हणून मिळवायची वर्षं 4 + 8 = 12.

बरोबर मांडणी मग अशी होते, आणि ही तीन ओळीत लिहायची सवय लावून घ्या, समीकरणाच्या आधी:

```
             आई         मुलगी
4 वर्षांपूर्वी   5x         x
आज           5x + 4     x + 4
8 वर्षांनी      5x + 12    x + 12
```

गुणोत्तर ज्या वेळचं दिलंय त्या वेळच्या ओळीत x लावायचा. प्रश्नात आजचं वय विचारलंय म्हणून x आजच्या ओळीत लावायची गरज नाही. आजच्या गुणोत्तराबद्दल प्रश्नात एक अक्षर सुद्धा नाहीये, तर आजच्या ओळीत 5x लिहायचा आपल्याला हक्कच नाही. बाकीच्या ओळी वर्षं मिळवत मिळवत आपोआप भरतात. वर्षं मिळवताना ती दोघींच्या वयात सारखीच मिळवायची, आणि त्यांना x लावायचा नाही, कारण 5 आणि 1 हे हिस्से आहेत, एक हिस्सा किती वर्षांचा ते अजून माहीत नाही म्हणून तिथे x लागतो, पण 12 ही सरळ वर्षंच आहेत.

आता शेवटची ओळ 7:3 ला जोडा:

```
(5x + 12) / (x + 12) = 7 / 3
3(5x + 12) = 7(x + 12)
15x + 36 = 7x + 84
8x = 48
x = 6
```

30 आलं असेल तर तुम्ही इथपर्यंत सगळं बरोबर केलंत आणि 5x = 30 वर टिक करून मोकळे झालात. ते 4 वर्षांपूर्वीचं वय आहे. तीन ओळी लिहिलेल्या असल्या तर ही चूक होत नाही, कारण उत्तर कुठल्या ओळीतून उचलायचं ते समोर दिसतं: आज म्हणजे 5x + 4, म्हणजे 34. मुलगी 10. पडताळा प्रश्नाच्या शब्दातच घ्यायचा, स्वतःच्या समीकरणात x घालून नाही, कारण समीकरणच चुकीचं असेल तर त्यात x जुळणारच. 4 वर्षांपूर्वी 30 आणि 6, म्हणजे 5:1. 8 वर्षांनी 42 आणि 18, म्हणजे 7:3. दोन्ही वाक्यं जुळली.

काहीजण विचारतात की x दुसऱ्या गुणोत्तराला लावला तर चालेल का, म्हणजे 8 वर्षांनी 7x आणि 3x. चालतं की, मग 12 वजा करायचे, (7x − 12) / (3x − 12) = 5/1, x परत 6 च येतो आणि आज म्हणजे 42 − 8 = 34. पण माझं मत असं की शक्यतो आधीच्या वेळेलाच x लावा, कारण मग सगळीकडे अधिकच येतं. वजा आलं की कंस सोडवताना 5(3x − 12) चं 15x + 60 करणारे दर बॅचला निघतात.

कंसाचाच विषय निघालाय तर एक छोटी खूण सांगतो. वरच्या गणितात x = 0 आला तर दोन्ही कंस उघडताना 12 ला गुणलंच नाही असं समजा, 15x + 12 = 7x + 12 झालंय. x = −3 आला तर फक्त उजवीकडचा 12 तसाच राहिलाय. आणि फक्त डावीकडचा राहिला तर x = 9 येतो, जो दिसायला चांगला असतो, म्हणून तो सापडायला पडताळाच लागतो (आज 49 आणि 13, 8 वर्षांनी 57 आणि 21, हे 7:3 नाही).

दोन चल घेऊन, आई x आणि मुलगी y असं आज धरून पण हे गणित सुटतं, x − 4 = 5(y − 4) आणि 3(x + 8) = 7(y + 8), उत्तर तेच 34 आणि 10. चूक काही नाही त्यात. फक्त वेळ जास्त जातो आणि दोन समीकरणं सोडवताना चुकायच्या जागा वाढतात. एक चल घेतलं की पहिलं गुणोत्तर 5x आणि x मध्येच वापरून होतं, मग दुसऱ्या गुणोत्तरासाठी एकच समीकरण उरतं.

आता दुसरी चूक, जी मला जास्त त्रासदायक वाटते कारण ती कधीकधी बरोबर उत्तर देते आणि म्हणून मुलं ती सोडायला तयार नसतात. वाळपईहून येणारी एक मुलगी समीकरण न मांडता सरळ असं करायची: आधी 5x, नंतर 7x, मध्ये 12 वर्षं, म्हणून 5x + 12 = 7x, x = 6. आणि उत्तर 34, बरोब्बर! ती म्हणाली, "सर, मग ते एवढं तिरकस गुणायचं कशाला? हे एका ओळीत होतं."

मी तिला हे दिलं: आज दोन भावांच्या वयांचं गुणोत्तर 3:5 आहे, 6 वर्षांनी 2:3 होईल, तर आजची वयं सांग. तिने तिच्या पद्धतीने 3x + 6 = 2x मांडलं आणि x = −6 आला. मोठ्या भावाचं घेऊन बघ म्हटलं तर 5x + 6 = 3x, x = −3. एकाच गणितात x च्या दोन किमती, आणि दोन्ही ऋण.

झालंय काय तर 3:5 मधला एक हिस्सा आणि 2:3 मधला एक हिस्सा हे सारख्याच वर्षांचे आहेत असं तिने न सांगता धरून टाकलं. ते तसे असतीलच असं नाही. गुणोत्तर हे अतिसंक्षिप्त रूपात लिहिलेलं असतं, त्यातून हिस्सा किती वर्षांचा ते पुसलं गेलेलं असतं. पहिल्यासाठी x घेतला तर दुसऱ्यासाठी खरं म्हणजे दुसरं अक्षर हवं. म्हणून तर आपण दुसऱ्या वेळची वयं 7x, 3x न लिहिता 5x + 12, x + 12 अशी पहिल्या x मध्येच लिहितो.

मग आई-मुलीच्या गणितात तिची पद्धत कशी काय चालली? तर दोघांच्या वयातला फरक कधी बदलत नाही, वर्षं कितीही जाऊदे. 5:1 मध्ये फरक 4 हिस्से, 7:3 मध्ये पण फरक 4 हिस्से. फरक वर्षांत तोच आणि हिस्स्यांत पण तोच, म्हणजे एक हिस्सा दोन्ही वेळी सारख्याच वर्षांचा असणार. तिथे एकच x चालतो. 3:5 मध्ये फरक 2 हिस्से आणि 2:3 मध्ये 1 हिस्सा, तिथे चालत नाही.

आणि यातूनच तिला पाहिजे होती ती एका ओळीची पद्धत पण मिळते. फरक आधी सारखे करून घ्यायचे. 2:3 ला 2 ने गुणा, 4:6, आता फरक 2 झाला, पहिल्यासारखाच. धाकटा 3 हिस्स्यांवरून 4 वर गेला, मोठा 5 वरून 6 वर गेला, दोघेही एकेक हिस्सा वाढले आणि तो एक हिस्सा म्हणजेच ती 6 वर्षं. आज 18 आणि 30. 6 वर्षांनी 24 आणि 36, म्हणजे 2:3. समीकरणाने करून बघितलंत तरी 9x + 18 = 10x + 12, x = 6 हेच येतं.

परीक्षेत वेळ कमी असतो तेव्हा ही फरकाची पद्धत मला आवडते, पण ती वापरताना दोन्ही माणसांचे हिस्से सारखेच वाढलेत ना हे न चुकता बघा. एकाचा 1 ने वाढला आणि दुसऱ्याचा 2 ने, तर फरक सारखे झालेलेच नाहीत, कुठेतरी गुणाकार चुकलाय.

आणखी एक खूण, हिला दोन सेकंद पण लागत नाहीत. वर्षं पुढे जातात तसं दोघांच्या वयांचं गुणोत्तर 1:1 च्या जवळ सरकत जातं, कधी लांब जात नाही. 5:1 म्हणजे पाचपट, 7:3 म्हणजे सव्वादोनपटीच्या थोडं वर, कमी झालं, ठीक. म्हणून प्रश्न वाचून तुम्ही जर आधी दुप्पट आणि नंतर तिप्पट अशी मांडणी केली असेल तर "पूर्वी" आणि "नंतर" यांची अदलाबदल झालीय किंवा एका ठिकाणी आई-मुलगी आणि दुसऱ्या ठिकाणी मुलगी-आई असा क्रम वाचलाय. हा क्रम बदलणारे प्रश्न मुद्दाम घातलेले असतात, "मुलगी आणि आई यांचं गुणोत्तर 3:7" असं, त्यामुळे ओळींच्या डोक्यावर आई, मुलगी लिहूनच टाका.

ऋण x आला की बहुतेक वेळा याच दोनपैकी एक कारण असतं, क्रम उलटा किंवा दोन गुणोत्तरांना एकच x. अपूर्णांक x आला तर मात्र वेगळीकडे बघावं लागतं. वयं पूर्ण वर्षांत असतील आणि गुणोत्तर अतिसंक्षिप्त असेल तर x पूर्णांकच येतो, 5.2 वगैरे येऊच शकत नाही. आणि 5.2 कुठून येतं ते मला नेहमी दिसतं, बेरजेच्या गणितात.

तीच आई, तीच मुलगी: आज दोघींच्या वयांची बेरीज 44, 8 वर्षांनी गुणोत्तर 7:3 होईल. गुणोत्तर 8 वर्षांनंतरचं आहे म्हणून x तिथेच लावायचा, 7x आणि 3x, बेरीज 10x. आता 8 वर्षांनी बेरीज किती होईल? इथे हात आपोआप 44 + 8 = 52 लिहितो आणि x = 5.2 येतो. पण 8 वर्षं दोघींची वाढतात ना, आईची 8 आणि मुलीची 8. बेरीज 44 + 16 = 60, x = 6, तेव्हा 42 आणि 18, आज 34 आणि 10. तीन माणसं असली तर तिप्पट वर्षं मिळवायची, मागे जायचं असेल तर तितकी वजा करायची. सरासरी दिली असेल तर ती मात्र तेवढ्याच वर्षांनी वाढते, 8 वर्षांनी 8 नेच, हे पण मुलं उलटं करतात.

एक गणित वहीत करून बघा, तीन ओळी लिहून: 3 वर्षांपूर्वी वडील आणि मुलगा यांच्या वयांचं गुणोत्तर 6:1 होतं, आजपासून 6 वर्षांनी 3:1 होईल, वडिलांचं आजचं वय किती? पर्याय 24, 27, 36, 39. उत्तर 39. 27 आलं तर मिळवायची वर्षं 9 ऐवजी 6 घेतलीत, 24 आलं तर x आजच्या ओळीत लावलात, 36 आलं तर शेवटचे 3 राहिले. आणि मुलाच्या बाजूने x + 9 = x असं काहीतरी होऊन 9 = 0 आलं तर दोन्ही गुणोत्तरांना एकच x लावलाय: 6:1 चा फरक 5, 3:1 चा फरक 2, तर आधी 12:2 आणि 15:5 करून घ्या, मग 3 हिस्से म्हणजे 9 वर्षं.